एकच बीम, दोन आकृत्या: शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात डिप्लोमाच्या आणि इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी संध्याकाळी हा विषय शिकवतो. दरवर्षी पोरं बदलतात, प्रश्न मात्र तेच राहतात. म्हणून ते एका जागी लिहून काढले. सगळ्या प्रश्नांना बीम एकच आहे. तो एकदा नीट समजला की परीक्षेतले बाकीचे बीम त्याचे चुलतभाऊच वाटतात.

कोणता बीम घ्यायचा?

गच्चीवरचा एक बीम घेऊ. दोन टोकांना दोन विटांच्या भिंतींवर टेकलेला आहे आणि टेकूंमधलं अंतर ६ मीटर आहे. डाव्या टेकूला ए म्हणू, उजव्याला बी. बीमचा आकार २३० बाय ४५० मिलिमीटर. आरसीसीचं वजन घनमीटरला २५ किलोन्यूटन धरलं तर त्याचं स्वतःचं वजन मीटरला साधारण २.६ किलोन्यूटन होतं. त्यावर ९ इंची विटांची १.६ मीटर उंच आडोशाची भिंत आहे, कारण मे महिन्यात कुलर आणि पाण्याची टाकी थोडी तरी सावलीत राहावी अशी घरच्यांची इच्छा. विटकामाचं वजन घनमीटरला २० किलोन्यूटन धरलं की भिंतीचे मीटरला ७.४ होतात. दोन्ही मिळून मीटरला १० किलोन्यूटन. हा झाला यूडीएल, म्हणजे पूर्ण लांबीवर सारखा पसरलेला लोड.

शिवाय टाकीखालचा एक छोटा आडवा बीम आपल्या बीमला एपासून २ मीटरवर येऊन मिळतो आणि तिथे १२ किलोन्यूटन टाकतो. त्या जागेला सी म्हणू. एवढाच लोड, बाकी काही नाही.

शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंट म्हणजे बीमच्या आत नेमकं काय होतं?

सात-आठ वह्या घ्या, उभ्या एकमेकींना चिकटवून दोन तळव्यांमध्ये दाबा आणि आडव्या उचला. हा तुमचा बीम. आता दाब थोडा सैल करा. मधल्या वह्या खाली सरकतील. एक वही शेजारच्या वहीच्या तुलनेत खाली सरकू पाहते, आणि तिला सरकू न देणारं बल दोघींच्या मधल्या पृष्ठभागावर असतं. तेच शिअर फोर्स. काँक्रीटमध्ये वह्या नसतात, पण बीम कुठेही मनाने कापला तर त्या कापावर हेच चालू असतं.

मोमेंट पाहायचा असेल तर गादीतल्या फोमची हातभर पट्टी घ्या. तिच्या बाजूवर स्केचपेनने इंचा-इंचावर उभ्या रेघा मारा, पट्टी दोन विटांवर ठेवा आणि मधोमध बोटाने दाबा. रेघा वरच्या कडेला जवळ येतात आणि खालच्या कडेला फाकतात. म्हणजे वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. आडव्या दिशेचे हे दाब आणि ताण मिळून जी जोडी तयार होते, तिचं माप म्हणजे बेंडिंग मोमेंट.

दोन्ही गोष्टी प्रत्येक कापावर असतात, फक्त किंमत जागेप्रमाणे बदलते. ती कशी बदलते ते दाखवायला दोन आकृत्या काढायच्या, एसएफडी आणि बीएमडी.

चिन्हं कोणती घ्यायची?

कापाच्या डावीकडच्या भागावर वर जाणारं बल अधिक, खाली येणारं उणे. मोमेंटमध्ये बीमचं पोट खाली येत असेल, म्हणजे सॅगिंग असेल, तर अधिक. तुमच्या सरांनी उलटं घेतलं असेल तर तेच घ्या, पण एका गणितात एकच. मध्येच चिन्ह बदलल्यामुळे गेलेले मार्क मी फार पाहिले आहेत.

रिॲक्शन कशा काढायच्या?

एभोवती मोमेंट घ्या. यूडीएल एकूण ६० किलोन्यूटन आणि तो ३ मीटरवर आहे असं समजायचं, म्हणजे १८०. सीवरचे १२ दोन मीटरवर, म्हणजे २४. बेरीज २०४. ती बीची रिॲक्शन ६ मीटरवरून तोलते, म्हणून बीला ३४ किलोन्यूटन. एकूण लोड ७२ आहे, त्यामुळे एला ३८. टाकी ए टेकूच्या जवळ आहे म्हणून ए जास्त उचलणार, हे आधीच मनात असायला हवं. उलटं आलं असतं तर पुढे जाण्याआधी तिथेच थांबायचं.

मग ६० किलोन्यूटन मधोमध ठेवूनच आकृत्या का काढायच्या नाहीत? रिॲक्शनला तर चाललं!

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. तो विचारणारा मुलगा बहुधा वर्गातला विचार करणारा असतो, म्हणून मी त्याला सविस्तर उत्तर देतो.

पूर्ण बीम एक अखंड वस्तू म्हणून तोलायचा असेल तर पसरलेल्या लोडच्या जागी त्याची बेरीज त्याच्या मध्यावर ठेवता येते. टेकूंना फरक कळत नाही. पण आकृती काढताना आपण बीम कापतो. कापल्यावर डावीकडे जेवढी भिंत उरली, तेवढीच त्या तुकड्यावर आहे. ६० किलोन्यूटन तिथे नाहीतच. २ मीटरवर कापलं तर डावीकडे २० किलोन्यूटन आहेत आणि त्या २० चा मध्य कापापासून १ मीटरवर आहे. ३ मीटरवर कापलं तर ३० किलोन्यूटन, आणि अंतर दीड मीटर. कापाची जागा बदलली की ही बेरीज आणि तिची जागा दोन्ही नव्याने घ्यायच्या.

न घेतल्यास काय होतं ते आकड्यांत बघा. ६० ला मध्यावर एकच बोजा मानून मधल्या कापाचा मोमेंट काढला तर ३८ × ३ मधून १२ × १ वजा होतात आणि १०२ येतात. खरं उत्तर ३८ × ३ मधून १२ × १ आणि ३० × १.५ वजा करून येतं, ५७ किलोन्यूटन-मीटर. चूक थोडीथोडकी नाही, जवळपास पावणेदोन पट आहे. एसएफडीसुद्धा खोटा दिसतो. त्यात मध्यावर ६० ची एकदम उडी येते, जी खऱ्या बीममध्ये कुठेच नाही. उत्तरपत्रिकेत यूडीएल असूनही एसएफडीच्या रेषा सपाट दिसल्या की मी आधी याच चुकीकडे बघतो.

एसएफडी कसा काढायचा?

एपासून चालत निघा आणि जमाखर्च लिहीत जा. एला ३८ जमा. पुढे दर मीटरला १० खर्च होतात, त्यामुळे सीच्या अगदी अलीकडे १८ उरतात. सीला एकदम १२ खर्च, उरले ६. पुन्हा मीटरला १० याच चालीने खाली. बीच्या अगदी अलीकडे ६ मधून ४ मीटरचे ४० गेले, राहिले उणे ३४. तिथे बीची रिॲक्शन ३४ जमा होते आणि हिशोब शून्यावर मिटतो. मिटला नाही तर कुठेतरी चुकलं आहे, पुढची आकृती काढायला घेऊ नका.

आकृतीत दोन तिरप्या रेषा येतात, दोघींचा उतार सारखाच. उतार सारखा का? कारण उतार फक्त यूडीएलवरून ठरतो आणि तो दोन्हीकडे मीटरला १० च आहे. एक रेषा जास्त तिरपी आणि दुसरी कमी तिरपी काढलेली दिसली की समजावं, आकडे बरोबर असले तरी हाताने फक्त ठिपके जोडले आहेत.

सर, सीपाशी दोन किमती काहून येतात? एका जागी दोन शिअर कसे?

सीच्या एका केसाएवढं अलीकडे कापलं तर १२ किलोन्यूटन कापाच्या उजवीकडे राहतात, शिअर १८. एका केसाएवढं पलीकडे कापलं तर ते डावीकडे येतात, शिअर ६. नेमक्या सीवर किती, हा प्रश्न आपण केलेल्या सोयीमुळे उभा राहतो. छोटा बीम एका टोकदार बिंदूवर बसत नाही. तो २३० मिलिमीटर रुंदीवर टेकतो आणि प्रत्यक्षात शिअर तेवढ्या रुंदीत १८ वरून ६ वर उतरतो. कागदावर ती रुंदी शून्य मानली म्हणून उभी रेघ येते. उत्तरात दोन्ही किमती लिहा, ‘सीच्या डावीकडे’ आणि ‘सीच्या उजवीकडे’ असं स्पष्ट लिहून.

बीएमडीची समीकरणं लिहायचीच का?

लिहिली तर बरं, पण ती कापातून आली पाहिजेत. कापाचं एपासूनचं अंतर x धरा.

```
A ते C (0 ≤ x ≤ 2):  M = 38x − 5x²
C ते B (2 ≤ x ≤ 6):  M = 38x − 5x² − 12(x − 2)
```

या 5x² वर दरवर्षी निम्मा वर्ग अडखळतो. डावीकडचा यूडीएल 10x आहे आणि त्याचं कापापासूनचं अंतर x/2, म्हणून 5x². अंतर x धरलं की 10x² होतं आणि मोमेंट भराभर खाली येतो. पडताळा सोपा आहे. बीला, म्हणजे ६ मीटरवर, मोमेंट शून्य यायला हवा. दुसऱ्या समीकरणात ६ घाला: २२८ वजा १८० वजा ४८, शून्य. 10x² घेतलं असतं तर उणे १८० आलं असतं आणि चूक स्वतःच ओरडली असती.

आलेखासाठी मीटरा-मीटरावरच्या किमती अशा येतात: एला ०, मग ३३, सीला ५६, मध्यावर ५७, पुढे ४८, २९ आणि बीला ०.

जास्तीत जास्त मोमेंट कुठे येतो? बोजाखाली की मध्यावर?

या बीममध्ये दोन्हीकडे नाही, म्हणून तर हा बीम निवडला. बोजाखाली ५६ आणि मध्यावर ५७ आहेत. पण शिअर कुठे शून्य होतो ते बघा. सीच्या उजवीकडे ६ उरले होते आणि मीटरला १० कमी होतात, म्हणजे ०.६ मीटर पुढे, एपासून २.६ मीटरवर. ती जागा डी. तिथला मोमेंट ५७.८ किलोन्यूटन-मीटर.

आकड्यांत फरक किरकोळ वाटेल, पण परीक्षक जागा तपासतो. मी विद्यार्थी असताना ‘कमाल मोमेंट बोजाखाली’ असं लिहून मोकळा झालो होतो. सरांनी मार्क कापले ते आकड्याचे नाहीत, जागेचे.

शिअर शून्य तिथेच कमाल का? बीमवर जरासं पुढे सरकलात की मोमेंट किती बदलतो हे तिथला शिअर सांगतो. शिअर १८ असताना मोमेंट पुढच्या मीटरला साधारण १८ च्या चालीने चढतो, ६ असताना ६ च्या चालीने. शिअर अधिक आहे तोवर चढण, उणे झाला की उतरण. चढण संपून उतरण सुरू होते ती जागा म्हणजे माथा, आणि तिथे शिअर शून्य. एखाद्या बीममध्ये सपाट शून्य पट्टा आला तर मोमेंट त्या पूर्ण पट्ट्यात सारखाच राहतो. आपल्या बीममध्ये शिअर एकदाच शून्य ओलांडतो, म्हणून माथा एकच.

यूडीएलचं ४५ आणि बोजाचं १६ अशी सूत्रं पाठ आहेत. बेरीज करून ६१ का नाही?

सूत्रं बरोबर आहेत. फक्त यूडीएल असता तर मध्यावर ४५ आले असते. फक्त १२ चा बोजा असता तर सीला १६ आले असते. पण ४५ हे ३ मीटरवर आहेत आणि १६ हे २ मीटरवर. दोन वेगळ्या जागांची कमाल एकमेकीत मिळवता येत नाही. एकाच जागेच्या किमती मिळवता येतात. सीला यूडीएलचे ४० आणि बोजाचे १६, मिळून ५६. जुळलं. मध्यावर यूडीएलचे ४५ आणि बोजाचे १२, मिळून ५७. हेही जुळलं. ६१ हा आकडा या बीमवर कुठेच सापडत नाही. जागेवर झटपट अंदाजाला तो चालेल, कारण तो सुरक्षित बाजूला चुकतो, पण उत्तरपत्रिकेत नाही.

बीएमडीचा वक्र कोणत्या बाजूला फुगवायचा?

सॅगिंग वर काढत असाल तर वक्र वरच्या बाजूला फुगतो, टेकडीसारखा. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा झोळ काढला की चूक. पाठ न करता ठरवायचं असेल तर एसएफडी बघा. एला शिअर ३८ आहे, म्हणजे वक्र तिथे सर्वांत उभा चढतो. पुढे शिअर कमी होत जातो, म्हणजे चढण मंदावते. उभा सुरू होऊन आडवा होत जाणारा वक्र वरच फुगणार.

सीला एक बारीक खूण असते, ती बहुतेक जण विसरतात. तिथे शिअर १८ वरून एकदम ६ होतो, म्हणून वक्राला एक कोपरा पडतो, चढण अचानक मंद होते. गोलसर एकच कमान काढली तर बोजा तुमच्या आकृतीतून गायब झाला. हा कोपरा हाताने काढताना मुद्दाम ठळक दाखवा.

उत्तर बरोबर आहे हे स्वतः कसं तपासायचं?

एसएफडीच्या क्षेत्रफळावरून. कोणत्याही दोन जागांमधलं एसएफडीचं क्षेत्रफळ म्हणजे तेवढ्यात मोमेंट किती बदलला ते. ए ते सी हा समलंब चौकोन आहे: ३८ आणि १८ ची सरासरी २८, गुणिले २ मीटर, ५६. सी ते डी त्रिकोण: ६ गुणिले ०.६ चं अर्धं, १.८. मिळून ५७.८. डी ते बी दुसरा त्रिकोण, आडव्या रेषेखालचा: ३४ गुणिले ३.४ चं अर्धं, पुन्हा ५७.८. जेवढं चढलं तेवढंच उतरलं, बीला शून्य.

ही तपासणी मिनिटभराची आहे आणि ती समीकरणांवर अवलंबून नाही. समीकरणात एकदा चूक झाली की त्याच समीकरणाने तपासून ती सापडत नाही.

उजवीकडून सुरुवात केली तर?

तेच उत्तर. डीला बीकडून ३.४ मीटर पडतात. ३४ × ३.४ म्हणजे ११५.६, त्यातून ३.४ मीटर भिंतीचे ३४ किलोन्यूटन गुणिले १.७, म्हणजे ५७.८ वजा. उरले ५७.८. उजवीकडून इथे १२ चा बोजा मध्ये येतच नाही, त्यामुळे लिहायलाही कमी लागतं. ज्या बाजूला बोजे कमी, त्या बाजूने कापा.

या आकृत्यांवरून साईटवर काय कळतं?

मिस्त्री बीमच्या दोन्ही टोकांना रिंगा जवळजवळ बांधतो आणि मध्ये लांब लांब, ते एसएफडीमुळे. टोकांना ३८ आणि ३४ आहेत, मध्ये फार थोडं. खालच्या मुख्य सळया मध्यभागी सगळ्या लागतात, टोकाकडे काही कमी करता येतात, ते बीएमडीमुळे. डिझाइनला आपले आकडे थेट घेत नाहीत. आयएस ४५६ नुसार या लोडना १.५ ने गुणतात, म्हणजे ५७.८ चे ८६.७ होतात. आकृतीचा आकार मात्र तोच राहतो.

भेगाही या आकृत्यांशी बोलतात. मधल्या भागात खालून वर चढणारी उभी भेग ही वाकण्याची. टेकूजवळ तिरपी, साधारण ४५ अंशात जाणारी भेग ही शिअरची. दुसरी दिसली तर जास्त काळजी करायची, कारण शिअरने होणारी मोडतोड फारशी सूचना न देता येते.

एकदा एका घराच्या कामावर प्लंबरने गच्चीचा चार इंची पाईप न्यायला बीमला भोक पाडलं होतं, भिंतीपासून हातभर अंतरावर, बरोबर जिथे शिअर सर्वांत जास्त. एक रिंगही कापली गेली होती. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘‘भाऊ, मध्ये पाडलं असतं तर बीम वाकला नसता का? म्हणून कडेला पाडलं.’’ त्याच्या मनात फक्त बीएमडी होता. बीमच्या उंचीच्या मध्यावर ताण आणि दाब दोन्ही कमी असतात, त्यामुळे लांबीच्या मधल्या भागात आणि उंचीच्या मध्यावरचं छोटं भोक टेकूजवळच्या भोकापेक्षा कमी नुकसान करतं. तरी डिझाइनरला विचारल्याशिवाय दोन्ही पाडायची नाहीत. तिथे शेवटी पाईपची वाट बदलली, भोक भरून घेतलं आणि बाहेरून मजबुतीचं काम करावं लागलं.

खऱ्या घरातला बीम सिम्पली सपोर्टेड असतो का?

विटांच्या भिंतींवर नुसता टेकलेला असेल तर जवळपास असतो. टोक थोडं फिरायला मोकळं असतं, म्हणून टोकाला मोमेंट शून्य धरतो. पण आज नागपुरात जी घरं उभी राहतात त्यात बीम आणि कॉलम एकत्र ओतलेले असतात. तिथे टोक मोकळेपणी फिरत नाही आणि टेकूपाशी उलटा मोमेंट, हॉगिंग, तयार होतो.

किती फरक पडतो ते फक्त यूडीएल घेऊन बघा. टोकं मोकळी असतील तर मध्यावर ४५ आणि टोकांना शून्य. टोकं पूर्ण जखडलेली असतील तर मध्यावर १५ आणि टोकांना ३०, तेही उलटे. खरा बीम या दोघांच्या मध्ये कुठेतरी. म्हणून टेकूपाशी वरच्या बाजूलाही सळया घालतात. त्या कमी पडल्या तर भेग वरून येते, आणि गच्चीच्या बीमला ती फरशीखाली राहिल्याने पावसाळ्यात ओल उतरेपर्यंत कोणाला दिसत नाही.